आईच्या कमरेची किल्ली

आमच्या दुकानाची किल्ली मला मिळाली ती आईच्या डोळ्यांविषयी खोटं बोलून. साताऱ्याच्या आमच्या पेठेत अजूनही काही म्हातारी माणसं आहेत, जी कौतुकानं सांगतात की या मुलानं चोविसाव्या वर्षी दुकान अंगावर घेतलं. ते ऐकताना मी मान खाली घालतो आणि ती त्याला विनय समजतात. मी एकदा भर बाजारात सांगितलेलं खरं पेठ केव्हाच विसरली. म्हणून आता लिहून टाकतो.

आमचं दुकान काष्ठौषधींचं. मुळ्या, साली, बिया, फुलं, डिंक असा सगळा माल. भिंतभर लाकडी कप्पे होते, दोनशेच्या वर, आणि एकावरही चिठ्ठी नव्हती. कुठल्या कप्प्यात काय आहे हे हातानं आणि नाकानं कळायला हवं, असं अप्पांचं म्हणणं. अप्पा म्हणजे माझे वडील. ते गादीवर बसत. गावातले वैद्य आले की अप्पा एखाद्या मुळीचे गुण सांगणारे श्लोक म्हणून दाखवत आणि वैद्य माना डोलवत. दुकानाला नाव होतं ते अप्पांच्या या पाठांतरामुळे, असं मी समजत होतो. सगळी पेठच समजत होती. मी निदान त्या घरात राहत होतो, मला तरी अक्कल असायला हवी होती.

दुकान खरं चालत होतं ते आतल्या खोलीत. मुंबईहून नवा माल आला की आधी तो आईकडे जाई. ती पांढरं धोतर अंथरून त्यावर पुडकं उलटं करी आणि एकेक मुळी उचले. नखानं खरवडायची, वास घ्यायचा, मोडून बघायची, शंका आली तर जिभेच्या टोकाला लावायची, थुंकायची, चूळ भरायची. मूठभर माल निवडायला सकाळ जाई. वयाप्रमाणे तिला जवळचं दिसायला त्रास होऊ लागला होता, म्हणून ती मुळी हात लांब करून उजेडात धरी. तो हात रस्त्यावरून येणाऱ्याजाणाऱ्याला दारातून दिसे. हे लक्षात ठेवा, कारण मीही ते लक्षात ठेवलं होतं.

किल्ल्या दोन होत्या. पुढच्या कुलपाची अप्पांच्या करगोट्याला. दुसरी आतल्या शिसवी कपाटाची, ती आईच्या कमरेला. कपाटात केशर, कस्तुरी असला महाग जिन्नस असे आणि बचनाग, कुचला, धोतऱ्याचं बी असला जहरी मालही असे. जहरी माल फक्त ओळखीच्या वैद्यालाच द्यायचा. शिवाय न निवडलेला नवा माल कपाटातच राही. आईनं पास केल्याशिवाय एक मुळी बाहेरच्या कप्प्यात पडत नसे. म्हणजे दुकान उघडायची किल्ली अप्पांकडे होती, पण काय विकायचं हे ठरवणारी किल्ली आईकडे होती. मला हवी होती ती हीच.

मी दोन वर्षं सांगलीला मामांकडे राहून आलो होतो. मामा हळदीच्या पेढीवर होते. तिथं पोत्यात नळी खुपसून मूठभर हळकुंडं काढायची, हातावर घेऊन बघायची आणि रुमालाखाली बोटं धरून भाव ठरवायचा. शंभर पोत्यांचा सौदा एका मुठीवर होई. मी कोपऱ्यात उभा राहून पावत्या लिहीत होतो, पण परत आलो तेव्हा माझ्या डोक्यात मी सौदेच करून आलो होतो. आईला मी सांगितलं की एकेक मुळी चाटत बसणं हा बायकी उद्योग आहे, सांगलीत याला कुणी व्यापार म्हणणार नाही. ती म्हणाली, "हळद चुकली तर आमटी बिघडते." पुढचं तिनं सांगितलं नाही. तेवढ्यावरून मला कळायला हवं होतं.

अप्पांनी माझ्या शिक्षणाचा क्रम ठरवला होता. पहिलं वर्ष चाळणं आणि वाळवणं. दुसरं कुटणं आणि पुड्या बांधणं. तिसऱ्या वर्षी गिऱ्हाइकाशी बोलणं. त्यानंतर आईजवळ बसून निवडणं, आणि ती म्हणेल तेव्हा कपाटाची किल्ली. हा क्रम अप्पांनी मोठ्या गांभीर्यानं ठरवला आणि तितक्याच गांभीर्यानं विसरले. तीन वर्षं झाली तरी मी चाळत होतो. मी निवडायला बसावं म्हणून आई रोज हाक मारी, पण मला ते बायकांमध्ये बसणं वाटे. अप्पांच्या शेजारी गादीवर बसून श्लोक पाठ करणं मला आवडे. मला पन्नास श्लोक येत होते आणि सुंठ सोडली तर दहा मुळ्या धड ओळखता येत नव्हत्या. अप्पा मला शाबासकी देत. बाप असा मुलाला तयार करत होता आणि मुलगा असा तयार होत होता.

त्यातून समोरच्या कापडवाल्याचा मुलगा. माझ्याच वयाचा. त्याच्या बापानं दमा वाढला म्हणून सगळं त्याच्या हाती देऊन टाकलं होतं. तो सकाळी कुलूप काढताना मला दिसेल अशी किल्ली खुळखुळवी.

"काय रं गड्या," तो एकदा चार माणसांत म्हणाला, "केशर मागितलं तर अजून आईला हाक मारतोस व्हय?"

सगळे हसले. मीही हसलो. मग घरी जाऊन आईशी दोन दिवस बोललो नाही. त्या चोविसाव्या वर्षी माझ्या मनात आईबद्दल जी अढी होती तिचं मूळ एवढंच, की एका कापडवाल्याच्या पोरानं माझं हसं केलं होतं.

त्याच सुमारास सांगलीहून मला मुलगी सांगून आली. मुलीचे वडील दुकान बघायला आले तेव्हा मी हिरडे चाळत होतो, अंगावर धुळीचा थर. त्यांनी अप्पांना विचारलं, कारभार कुणाकडे असतो? अप्पांनी श्लोक म्हटला. पाहुण्यांनी मग माझ्याकडे पाहिलं आणि मी खाली पाहिलं. ते परत गेले आणि कळवतो म्हणाले.

लढाईचे दिवस होते. माल वेळेवर येत नव्हता. अतिविष तर दोन महिने नव्हतं. अतिविष ही हिमालयाकडची लहानशी मुळी, बाहेरून राखट, आतून खडूसारखी पांढरी, चवीला जहाल कडू. नाव भयंकर असलं तरी ती निरुपद्रवी, आणि बाळगुटीत ती लागतेच. आमच्याकडे बाळगुटीच्या मुळ्या एका फडक्यात बांधून मिळत: हिरडा, वेखंड, मुरुडशेंग, काकडशिंगी, अतिविष वगैरे. आया त्या सहाणेवर दुधात उगाळून तान्ह्या मुलांना चाटवत. लांबच्या खेड्यांतल्या बायका बाजाराला आल्या की आईकडूनच गुटी नेत. आई प्रत्येक नव्या आईला पुडी देताना बसवून घेई, कुठल्या मुळीचे किती वळसे द्यायचे ते सांगे आणि शेवटी म्हणे, "पोराला लावायच्या आधी एकेक मुळी उगाळून आपल्या जिभेला लावायची. कडू लागली, तुरट लागली तर लागू दे. झिणझिण्या आल्या तर टाकून द्यायची आणि माझ्याकडे यायचं." हे ती इतक्या वेळा सांगे की मी गादीवरून तिची नक्कल करत असे. अप्पांना हसू येई.

मग सांगलीला मामांच्या मुलीचं लग्न निघालं. आई आणि अप्पा चार दिवसांसाठी गेले. मला पुढच्या कुलपाची किल्ली मिळाली. आई जाताना म्हणाली की मुंबईचं पुडकं आलं तर शिवण उसवायची नाही, मी आल्यावर बघेन. कपाटाची किल्ली तिच्याबरोबर सांगलीला गेली. लग्नाला जाताना किल्ली कमरेला लावून जाणाऱ्या बाईवर मी मनातल्या मनात काय काय बोललो ते इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी पुडकं आलं. त्यावर अतिविष असं लिहिलेलं होतं. बाजाराचा दिवस होता आणि सकाळपासून तीन बायका गुटी विचारून गेल्या होत्या. मी शिवण उसवली. वरची मूठभर मुळी हातावर घेतली, सांगलीला घेतात तशी. एक मोडली. आतून पांढरी निघाली. चाखूनही पाहिली, कडू लागली. मला फार समाधान वाटलं. बाकीचं सगळं पुडकं मी कप्प्यात ओतलं आणि आल्या त्या बायकांना गुटी बांधून दिल्या. चार दिल्या. कापडवाल्याचा मुलगा दारात येऊन म्हणाला, "आज लय जोरात हाय." मी मान हलवली.

चौथी बाई धनगराची होती, वडूजच्या अलीकडच्या एका खेड्यातली. कडेवर तीन महिन्यांचं पोर होतं. तिनं आईची चौकशी केली. मी म्हटलं, आई सांगलीला आहे, पण गुटी तीच. ती म्हणाली, "आक्कांनीच निवडली न्हवं?" मी हो म्हटलं. तेव्हाचं हे हो मी खोटं धरत नव्हतो. दुकानदार एवढं बोलतोच, असं मला वाटत होतं.

आई आणि अप्पा ठरल्यापेक्षा लवकर, दुसऱ्याच दिवशी बाराच्या सुमारास आले. आईनं पाय धुतले आणि पदर खोचून थेट दुकानात आली. पुडक्याचं रिकामं गोणपाट बाकाखाली होतं. तिनं ते उचलून झटकलं, मग अतिविषाचा कप्पा ओढला. सात-आठ मुळ्या उचलल्या. पाचवी का सहावी तिनं मोडायला घेतली आणि ती मोडेना. दातानं तोडली तेव्हा आतून शिंगासारखी कडक निघाली. तिनं ती जिभेला टेकवली आणि लगेच थुंकून चूळ भरली.

"हा माल कुणी ओतला?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, मी.

"यात बचनाग आहे. दुधिया." बचनागाची ही फिकी जात, मुळी लहान असली तर वरवर अतिविषासारखीच दिसते. मुंबईच्या व्यापाऱ्यानं तुटवड्यात दोन्ही मिसळून पाठवलं होतं. "किती गेल्या?"

मी सांगितलं. ती ओरडली नाही. चारीजणींची ठिकाणं विचारली. तीन पुड्या गावातल्याच होत्या. त्या आणायला ती आणि अप्पा तिथल्या तिथे निघाले. मला म्हणाली, "सायकल घे. पोराला सकाळी न्हाऊ घालून गुटी देतात. दिली नसेल असं धरून जा."

वीस मैलांचा रस्ता, त्यात पुढचे तीन पायवाटेचे. ऊन रणरणत होतं. मी भीतीनं रडलो हे खरं आहे, पण कुणासाठी रडलो ते सांगायचं तर निम्मं रडणं माझ्यासाठीच होतं. पोर गेलं असेल तर दुकान गेलं, सांगलीची मुलगी गेली, किल्ली गेली. त्या रस्त्यावर माझ्या डोक्यात हाच क्रम होता. वाटेत दोनदा उतरून मी पाणी प्यालो. कुणाचं पोर कदाचित मरत असताना मी पाणी प्यायला उतरलो, हेही लिहायला हवं.

पोर जिवंत होतं. घरासमोर मेंढरांच्या वाड्याला लागून बाभळीच्या सावलीत झोळी बांधलेली होती आणि ते तिच्यात झोपलं होतं. बाई बाहेर आली. तिला माझी ओळख पटायला वेळ लागला नाही.

"बरं झालं तुमीच आलासा," ती म्हणाली. "सकाळी मुळी उगाळली आन् आधी माज्या जिभंला लावली. थोरल्या पोरीच्या वक्ताला आक्कांनी सांगितलं हुतं तवापासनं मी तसंच करती. जीभ मेली की माजी. दुपारपतुर बोलायला येईना. मग पोराला दिलीच न्हाई. ही बगा."

तिनं कमरेच्या पिशवीतून ती मुळी काढून दाखवली, चिंधीत बांधलेली. बाकीची पुडीही आणून दिली. तिचा सासरा ओट्यावर बसला होता. त्यानं मला जवळ बोलावलं आणि विचारलं, "मालक, आक्कांच्या हातनं असं कसं झालं वं?"

प्रश्न साधा होता. त्याला उत्तर तयार असायचं कारण नव्हतं. पण माझ्याकडे होतं.

"आईला आता नीट दिसत नाही," मी म्हणालो. "हात लांब करून बघते, तुम्ही पाहिलंच असेल. माल तिनंच निवडला होता. आम्हीही काय बोलणार तिला."

म्हाताऱ्यानं मान हलवली. बाई हळहळली. त्यांनी मला ताक दिलं आणि मी ते घेतलं. ज्या बाईच्या शिकवणुकीनं ते पोर वाचलं होतं तिच्यावर त्याच अंगणात बसून मी आळ घातला होता. वर त्यांचं ताकही प्यालो. परतताना मला हलकं वाटत होतं. इतकं हलकं मला पुढे आयुष्यात कधी वाटलं नाही.

गावातल्या तिन्ही पुड्या आई आणि अप्पांनी कुणी वापरायच्या आधीच परत आणल्या होत्या. पुढच्या बाजाराला गोष्ट पेठेत पोचली. आक्कांची नजर गेली. पेठेला अशी गोष्ट फार आवडते, कारण ती सांगताना कुणावर राग धरावा लागत नाही, नुसतं च्च च्च केलं की झालं. कापडवाल्याचा मुलगा, वैद्य, शेजारचा वाणी, सगळे येऊन सल्ला देऊन गेले की आता पोराला पुढे करा. यांतल्या एकानंही आईला विचारलं नाही की बाई, तू तर त्या दिवशी सांगलीला होतीस.

अप्पांनी मात्र हिशेब जुळवला. ते स्वतः तिच्याबरोबर सांगलीला होते. त्यांनी मला मागच्या अंगणात नेलं.

"तू तिथं काय सांगितलंस?"

मी सांगितलं. मला वाटलं आता थोबाडीत बसेल. ती बसली असती तर बरं झालं असतं. अप्पा तुळशीकडे बघत म्हणाले, "दुकान पुढं तुलाच चालवायचंय. तुझं नाव खराब होऊन चालणार नाही. तिचं काय, ती घरातच असते."

माझ्या बापाच्या दुसऱ्या कशाचीही मला आजवर इतकी चीड आली नाही. पण ती चीड मला पुढे कधीतरी आली. त्या क्षणी मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. वारस तयार करणं म्हणजे काय, याचा आमच्या घरात तोच एक पाठ झाला आणि तो मात्र मी एका बैठकीत शिकलो.

मग अप्पा आत गेले. आई ताटात तांदूळ निवडत होती. ते म्हणाले, "अगं, कपाटाची किल्ली याला दे आता. लोक बोलतायत."

आईनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. तांदळातले खडे तिला दिसत होते, ताटाच्या कडेला तिनं ते ओळीनं मांडले होते. तिनं कमरेची किल्ली सोडली. गाठ पक्की झाली होती, सुटायला वेळ लागला. मी मदत केली नाही. तिनं किल्ली माझ्या हातात दिली नाही, पाटावर ठेवली, आणि परत तांदूळ निवडू लागली. मी वाकून उचलली.

महिन्याभरात सांगलीचा होकार आला. मुलीच्या वडिलांना कुणीतरी सांगितलं होतं की आता कारभार मुलाकडे आहे.

पुढची सहा वर्षं मी किल्ली कमरेला लावून हिंडलो आणि ती खुळखुळवलीही. अप्पा गादीवरच होते, पुढचं कुलूप त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही, पण कपाट माझं होतं. आणि माल कोण निवडत होतं? आईच. पुडकी आता मागच्या दारानं आत जात. ती दार लोटून घेई, म्हणजे रस्त्यावरून तिचा लांब केलेला हात कुणाला दिसू नये. मी तिच्यासमोर बसून शिकलो ते या चोरट्या काळात. ती मला शिकवायची. एकही टोमणा न मारता, अगदी पहिल्यापासून, लहान मुलाला शिकवावं तसं. अतिविष आणि दुधिया बचनाग यांतला फरक तिनं मला माझ्या जिभेवर शिकवला. बाहेर वैद्य म्हणत, मुलगा बापाच्याही पुढे गेला. मी गादीवर ते ऐकत असे आणि आत ती चूळ भरत असे. दुकानात मात्र ती पुन्हा कधी बसली नाही. खेड्यातल्या बायका यायच्या, गुटी माझ्याकडून घ्यायच्या आणि दाराकडे बघून हळूच विचारायच्या, आक्कांना किती दिसतं आता? मी म्हणायचो, बेताचंच.

मग आम्हाला मुलगी झाली. बायको बाळंतपणाला सांगलीला गेली होती. तीन महिन्यांनी आली तेव्हा तिच्याबरोबर एक पितळी डबी होती. त्यात बाळगुटीच्या मुळ्या होत्या, सांगलीच्या दुकानातल्या. काष्ठौषधीच्या दुकानात, बाहेरून आणलेली गुटी. बायकोनं संकोचत सांगितलं की तिच्या आईनं बजावलंय, गुटी हीच द्यायची, आजींच्या हातची नको, त्यांच्या नजरेचं एकदा झालेलं आहे ना.

माझ्या आईनं सहाण धुऊन तयार ठेवली होती. आदल्या दिवशीच तिनं नातीसाठी मुळ्या निवडून फडक्यात बांधल्या होत्या. तिनं सुनेच्या हातातली डबी पाहिली, ऐकून घेतलं, आणि म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. लेकराचा जीव आहे." मग आपलं फडकं सोडून एकेक मुळी ज्या त्या कप्प्यात टाकायला दुकानात निघाली. दारापर्यंत गेली आणि थांबली, कारण दुकानात गिऱ्हाईक होतं. ती तशीच मागे फिरली.

हे मी पाहिलं. सहा वर्षं जे मला पचलं होतं ते त्या दाराशी पचेना. मी बायकोला तिथंच सगळं सांगितलं. ती माझ्याकडे कशी पाहत राहिली ते मला अजून आठवतं. तिनं डबी उचलून माळ्यावर टाकली आणि म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्यांना खोटं सांगितलंत त्यांना सांगा."

दुसऱ्या दिवशी मी आईला म्हटलं, चल. कुठे ते कळल्यावर ती नको म्हणाली. आता काय करायचंय, पोर मोठं झालं असेल, अप्पांचं वय झालं, लोक त्यांना काय म्हणतील. तिच्या अंगात तोपर्यंत आमचं दोघांचं म्हणणं मुरलं होतं. मी तिला हाताला धरून वडूजच्या मोटारीत बसवलं. पुढचे तीन मैल आम्ही चाललो. ती दोनदा बसली.

म्हातारा सासरा गेला होता. बाई घरीच होती, वाड्याचं कुंपण नीट करत होती. आईला पाहून ती धावत आली, पाया पडली, आणि तिचा हात धरून ओट्यावर घेऊन गेली, जसं आंधळ्याला नेतात तसं. पायरीजवळ म्हणाली, "बेतानं आक्का, हितं दगूड हाय." आईनं तिला तसं नेऊ दिलं. सहा वर्षांचा एक मुलगा मेंढराच्या पिल्लाला ओढत आला आणि आमच्याकडे बघत उभा राहिला.

मी ओट्यावर बसलो नाही. उभाच राहिलो.

"मला एक सांगायचंय," मी म्हणालो. "तुमच्या गुटीत जहरी मुळी गेली त्या वेळी आई गावात नव्हती. माल तिनं पाहिलाही नव्हता. उघडू नको म्हणून बजावून गेली होती. मी उघडला, न निवडता कप्प्यात ओतला आणि मीच तुम्हाला बांधून दिला. तिची नजर तेव्हाही चांगली होती आणि आजही चांगली आहे. मी इथं येऊन खोटं बोललो."

बाईनं आईचा हात सोडला. ती माझ्याकडे नाही, आईकडेच बघत होती.

"आन् तुमी गप बसलासा व्हय आक्का? इतकी वर्सं?"

आई म्हणाली, "दुकान त्याच्याच हाती जायचं होतं."

"आवं, मग म्हणून तुमी आंदळं व्हायचं?" मग ती माझ्याकडे वळली. "मालक, माजं पोर यांच्यामुळं जगलं. आन् मी बाजारात समद्या बायकांना सांगत फिरली, आक्कांकडनं गुटी न्हेऊ नका म्हणून. माज्या तोंडानं खोटं बोलवलंसा तुमी."

कापडवाल्याचा मुलगा, सांगलीचे पाहुणे, अप्पा, पेठ, मनात सगळ्यांची नावं येऊन गेली. त्यांतलं कुणीही त्या दिवशी सायकलवरून इथं आलेलं नव्हतं.

मी त्या बाईला हात जोडले. म्हणालो, "तुमच्या पोराचा जीव मी धोक्यात घातला आणि तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा. पुढच्या बाजाराला मी दुकानाच्या दारात उभा राहून हेच सगळ्यांना सांगणार आहे."

मग आईसमोर खाली बसलो. तिच्या पायांवर वाटेची धूळ होती. तिच्याशी काय बोलायचं ते मी मोटारीत बसल्यापासून मनात जुळवत आलो होतो. त्यातलं काही आठवलं नाही.

"आई," मी म्हणालो, "चूक माझी होती आणि तुझ्यावर ढकलली. ती किल्ली मला नको. मला माफ कर."